व्हिडिओभोवतीचे काळे पट्टे

एखाद्या छोट्या वाचनालयाची किंवा शाळेची वेबसाइट मोबाइलवर उघडा. वर संस्थेचं नाव, खाली वेळापत्रक आणि त्याखाली गेल्या वर्षीच्या व्याख्यानाचा यूट्यूब व्हिडिओ. पुष्कळदा तो व्हिडिओ त्याच्या जागेत नीट बसलेला नसतो. चित्राच्या वर आणि खाली जाड काळे पट्टे असतात आणि वक्ता मधल्या अरुंद जागेत अडकलेला दिसतो. कधी पट्टे डावी-उजवीकडे असतात. कधी व्हिडिओची उजवी बाजू स्क्रीनबाहेर गेलेली असते आणि पान बोटानं आडवं सरकवावं लागतं. पाहणाऱ्याला वाटतं, रेकॉर्डिंगच वाईट झालंय किंवा आपला फोन जुना झालाय. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. व्हिडिओ चांगला असतो, फोनही चांगला असतो. त्या व्हिडिओला किती रुंदीमागे किती उंची द्यायची, हे ब्राउझरला कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

आज बहुतेक व्हिडिओ १६:९ या प्रमाणात असतात, म्हणजे रुंदीचे सोळा भाग केले तर उंची त्यातल्या नऊ भागांएवढी. हे प्रमाण १९८०च्या दशकात अमेरिकेत ठरत गेलं. केर्न्स पॉवर्स नावाच्या अभियंत्यानं तेव्हाच्या टीव्हीचा ४:३ आकार आणि सिनेमाचे वेगवेगळे रुंद आकार सारख्याच क्षेत्रफळाचे काढले आणि एकमेकांवर मध्य जुळवून ठेवले. त्या सगळ्यांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सगळ्यांत समाईक असलेला आतला आयत, दोन्हींचं प्रमाण जवळपास १.७८ निघालं. सोळाला नवानं भागलं की तेच येतं. कुठलाही जुना आकार या चौकटीत ठेवला तरी फार जागा वाया जात नाही, म्हणून टीव्हीवाल्यांना ती पटली. पुढे २००८मध्ये यूट्यूबनंही आपला प्लेअर याच आकाराचा केला.

यूट्यूबवरचा व्हिडिओ आपल्या पानावर आणायचा म्हणजे ‘शेअर’मध्ये जाऊन ‘एम्बेड’ निवडायचं आणि मिळालेला कोड पानात चिकटवायचा. त्यातला अनावश्यक भाग वगळला तर तो असा दिसतो:

```html
<iframe width="560" height="315"
  src="https://www.youtube.com/embed/VIDEO_ID"
  allowfullscreen></iframe>
```

५६० ला ३१५ नं भागून पाहा, १६:९ हेच प्रमाण मिळेल. म्हणजे यूट्यूबनं दिलेला कोड अगदी बरोबर असतो. पण त्यातली दोन्ही मापं पिक्सेलमध्ये पक्की ठरवलेली आहेत, आणि आपलं पान मात्र मोबाइलवर आक्रसतं, कॉम्प्युटरवर पसरतं. गडबडीची सुरुवात इथे होते.

मग फोटोंच्या बाबतीत असं का होत नाही? त्याच पानावरचा वक्त्याचा फोटो मोबाइलवर लहान होतो, तरी त्याचा चेहरा चपटा होत नाही की भोवती पट्टे येत नाहीत. कारण फोटोची फाइल ब्राउझरच्या हातात येते. ती किती पिक्सेल रुंद आणि किती उंच आहे हे त्याला कळतं, त्यामुळे ‘रुंदी जागेइतकी घे, उंची तुझी तू ठरव’ असं सांगितलं की काम होतं. आयफ्रेमचं तसं नाही. आयफ्रेम म्हणजे आपल्या पानाच्या भिंतीला पाडलेली खिडकी, आणि पलीकडे दुसऱ्याचं घर. खिडकीतून काय दिसतंय ते पाहणाऱ्या माणसाला कळतं, पण आपल्या पानाला पलीकडे डोकावायची परवानगी नसते. सुरक्षेसाठी ब्राउझर ती देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. नाहीतर कुठलंही पान आपल्या बँकेचं पान आयफ्रेममध्ये उघडून त्यातला मजकूर वाचू शकलं असतं. पण याच कारणानं आत १६:९ चा व्हिडिओ आहे, नकाशा आहे की लांबलचक फॉर्म आहे, हे बाहेरच्या पानाला ठाऊक नसतं. मापच दिलं नाही तर ब्राउझर आयफ्रेमला ३०० पिक्सेल रुंदी आणि १५० पिक्सेल उंची देतो. हा ठरलेला आकडा आहे, व्हिडिओशी त्याचा काही संबंध नाही.

एक उदाहरण आकड्यांनी करून पाहू. ३६० पिक्सेल रुंदीचा मोबाइल घेऊ. दोन्ही बाजूंना सोळा-सोळा पिक्सेलची मोकळी जागा सोडली की मजकुराला उरतात ३२८. त्या रुंदीला १६:९ प्रमाणे उंची हवी १८४.५.

वरचा कोड जसाच्या तसा ठेवला, तर ५६० रुंदीची चौकट ३२८च्या जागेत येते आणि २३२ पिक्सेल बाहेर लटकतात. पान आडवं सरकायला लागतं ते यामुळे. हे पाहून वेबसाइट करणारा सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या दिसण्याचे नियम जिथे लिहितात तिथे, `width: 100%` लिहितो. आता रुंदी ३२८ झाली, पण कोडमधली ३१५ उंची तशीच राहिली. चौकट जवळजवळ चौरस झाली. यूट्यूबचा प्लेअर चित्र कधी ताणत नाही, तो ते प्रमाणातच ठेवतो आणि उरलेली जागा काळी सोडतो. म्हणून १८४.५ उंचीच्या चित्राच्या वर ६५ आणि खाली ६५ पिक्सेलचे पट्टे येतात. तोच नियम कॉम्प्युटरवर उलटा पडतो. तिथे मजकुराची जागा ७२० पिक्सेल असेल तर चौकट होते ७२० बाय ३१५, चित्र राहतं ५६० चं आणि दोन्ही बाजूंना ऐंशी-ऐंशीचे पट्टे येतात.

मग कुणीतरी फोटोचा उपाय इथे लावून पाहतो आणि `height: auto` लिहितो. फोटोला चालणारा हा नियम आयफ्रेमला बुटका करून टाकतो, कारण स्वतःचं प्रमाण नसलेल्या आयफ्रेमची ‘आपोआप’ उंची म्हणजे ते मघाचे १५० पिक्सेल. मोबाइलवर ३२८ बाय १५० ची चौकट, मध्ये २६७ रुंदीचं चित्र, बाजूंना तीस-तीसचे पट्टे. `height: 100%` लिहिलं तरी बहुतेक वेळा हेच होतं. शंभर टक्के कशाचे, तर बाहेरच्या पेटीच्या उंचीचे. आणि त्या पेटीची उंची ठरवलेलीच नसते, ती आतल्या मजकुरावर अवलंबून असते. म्हणून ब्राउझर ती सूचना सोडून देतो.

यावरून रोगाची ओळख सोपी होते. पट्टे वर-खाली असतील तर चौकट गरजेपेक्षा उंच आहे, म्हणजे कुठेतरी पक्की उंची राहून गेली आहे. पट्टे बाजूंना असतील तर चौकट गरजेपेक्षा रुंद किंवा बुटकी आहे. पान आडवं सरकत असेल तर रुंदीच पक्की आहे.

यावरचा पहिला चांगला उपाय २००९मध्ये आला. थिएरी कोब्लेन्ट्झ यांनी तो ‘अ लिस्ट अपार्ट’ या वेब-व्यवसायातल्या नियतकालिकात मांडला. मोबाइलप्रमाणे आकार बदलणाऱ्या पानांना ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव ईथन मार्कॉट यांनी त्याच नियतकालिकात पुढच्या वर्षी दिलं. म्हणजे नाव रूढ होण्याआधीच एका मोठ्या अडचणीचं उत्तर लिहून झालं होतं. मला ही युक्ती फार आवडते, कारण ती सीएसएसच्या एका दुर्लक्षित नियमावर उभी आहे. पेटीच्या कडा आणि आतला मजकूर यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडतात तिला पॅडिंग म्हणतात. हे पॅडिंग टक्क्यांत दिलं, तर वरचं आणि खालचं पॅडिंगसुद्धा बाहेरच्या पेटीच्या रुंदीवरून मोजलं जातं, उंचीवरून नाही. उंचीवरून मोजायचं म्हटलं असतं तर पॅडिंग उंचीवर आणि उंची पॅडिंगवर अवलंबून राहिली असती. म्हणजे रुंदीवरून उंची काढायची सोय भाषेत आधीपासून होती, फक्त ती दुसऱ्याच नावाखाली पडून होती.

नऊ भागिले सोळा म्हणजे ०.५६२५, अर्थात ५६.२५ टक्के. एका पेटीची स्वतःची उंची शून्य ठेवायची आणि तिला एवढं पॅडिंग द्यायचं, की ती पेटी कुठल्याही रुंदीला १६:९ च राहते. हा झाला रेशो बॉक्स. मग आयफ्रेम त्या पेटीच्या कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पसरायची:

```css
.chaukat {
  position: relative;
  height: 0;
  padding-top: 56.25%;
}
.chaukat iframe {
  position: absolute;
  top: 0; left: 0;
  width: 100%; height: 100%;
  border: 0;
}
```

आतल्या आयफ्रेमला `absolute` करणं इथे अत्यावश्यक आहे. तसं केलं नाही तर ती पॅडिंगच्या खाली, शून्य उंचीच्या जागेत जाऊन बसते. वर मोठी रिकामी जागा दिसते आणि त्या शून्य उंचीच्या शंभर टक्के म्हणजे शून्यच असल्यानं व्हिडिओ दिसतच नाही. `.chaukat` ही पेटी `relative` असणंही तितकंच गरजेचं, नाहीतर आयफ्रेम तिला न जुमानता पानाच्या कोपऱ्यात जाऊन बसेल. ३२८च्या जागेत ही पेटी १८४.५ उंच होते, ७२०च्या जागेत ४०५. पट्टे नाहीत, सरकणं नाही, आणि फोन आडवा-उभा केला तरी जावास्क्रिप्टची एक ओळ लागत नाही. ज्या काळात जावास्क्रिप्टनं रुंदी मोजून मग उंची बसवत असत, तेव्हा पान आधी एक आकार दाखवी आणि क्षणभरानं मजकूर उडी मारून खाली जाई. तेही इथे टळलं.

या युक्तीत एक खड्डा मात्र आहे, आणि अनुभवी माणसंही त्यात पडतात. टक्के मोजले जातात ते बाहेरच्या पेटीच्या रुंदीवर, रेशो बॉक्सच्या स्वतःच्या नव्हे. समजा मजकुराची जागा हजार पिक्सेल आहे आणि व्हिडिओ फार मोठा दिसतो म्हणून कुणी `.chaukat` लाच `max-width: 600px` दिलं. पेटी सहाशे रुंद झाली, पण पॅडिंग हजाराच्या ५६.२५ टक्के, म्हणजे ५६२.५ राहिलं. सहाशे बाय ५६२.५ अशी जवळपास चौरस पेटी, मध्ये ३३७.५ उंचीचं चित्र आणि वर-खाली ११२-११२ चे पट्टे. मोबाइलवर मात्र सगळं ठीक दिसतं, कारण तिथे जागाच सहाशेपेक्षा कमी असते आणि मर्यादा लागूच होत नाही. म्हणून ‘माझ्या फोनवर बरोबर दिसतंय’ हे ऐकलं की मी आधी हीच शंका घेतो. उपाय सोपा आहे: सहाशेची मर्यादा बाहेर आणखी एक पेटी घालून तिला द्यायची आणि `.chaukat` तिच्या आत ठेवायची.

दहा-बारा वर्षं जगभरच्या वेबसाइट याच युक्तीवर चालल्या. वर्डप्रेसचा एम्बेड ब्लॉक आजही मुळात तीच वापरतो. चिकटवलेल्या दुव्यावरून मिळालेल्या कोडमधले आकडे पाहून तो चौकटीला `wp-embed-aspect-16-9` असं नाव लावतो. पण उंची सांभाळणारा नियम तेव्हाच लागू होतो जेव्हा थीमनं `responsive-embeds` ची तयारी दाखवलेली असते. जुनी किंवा घाईत बनवलेली थीम असेल तर नाव लागतं, नियम लागत नाही आणि पट्टे तसेच राहतात. वर्डप्रेसवर ही तक्रार आली तर पहिल्यांदा तिथे पाहावं.

२०२१मध्ये या सगळ्याला सरळ वाट मिळाली. `aspect-ratio` नावाचा गुणधर्म जानेवारीत क्रोममध्ये, जूनमध्ये फायरफॉक्समध्ये आणि सप्टेंबरमध्ये सफारीत आला. आता पॅडिंगचा आडमार्ग घ्यायची गरज उरली नाही, जे हवंय तेच लिहिता येतं:

```css
iframe.video {
  width: 100%;
  height: auto;
  aspect-ratio: 16 / 9;
  border: 0;
}
```

यातली `height: auto` ही ओळ पुष्कळजण गाळतात, आणि मग ‘नवा गुणधर्म चालतच नाही’ अशी तक्रार करतात. `aspect-ratio` हा नमतं घेणारा नियम आहे. रुंदी आणि उंची दोन्ही ठरलेल्या असतील तर तो बाजूला होतो. एक बाजू मोकळी असेल तरच दुसरीवरून ती काढतो. आता मघाचा यूट्यूबचा कोड आठवा. त्यात `height="315"` लिहिलेलंच आहे, आणि ब्राउझर ते ठरलेली उंची म्हणून मानतो. आपण रुंदी शंभर टक्के केली, उंची ३१५ आधीच होती, मग प्रमाणाला करायला कामच उरलं नाही. `height: auto` लिहिलं की ती ३१५ रद्द होते, उंची मोकळी होते आणि नियम कामाला लागतो. जी ओळ एरवी आयफ्रेमला दीडशेचा बुटका बनवत होती, तीच इथे लागते, कारण आता प्रमाण दिलेलं आहे.

फोटोला कोडमधल्या `width` आणि `height` वरून ब्राउझर प्रमाण आपणहून काढतात. आयफ्रेमला तसं करत नाहीत. तेव्हा ५६० आणि ३१५ लिहिलेलेच आहेत, त्यावरून ब्राउझर समजून घेईल, ही आशा सोडलेली बरी.

वरच्या कोडमध्ये मी नुसतं `iframe` न लिहिता `iframe.video` लिहिलं आहे, तेही जाणीवपूर्वक. पानावरच्या सगळ्याच आयफ्रेमना १६:९ चा नियम लावला, तर सभासद नोंदणीचा गूगल फॉर्मही त्याच बुटक्या चौकटीत बसतो आणि मोबाइलवर दोन रकाने दिसण्याइतकी खिडकी उरते. व्हिडिओच्या कोडमध्ये `class="video"` एवढं वाढवायचं आणि नियम तेवढ्यापुरता ठेवायचा.

जुन्या फोनचा प्रश्न उरतो. आयफोन ६ सारखे फोन आयओएस १२ च्या पुढे गेलेच नाहीत, आणि तिथल्या सफारीला `aspect-ratio` कळत नाही. त्यांना वरच्या कोडनं दीडशे उंचीची चौकट दिसेल. तुमच्याकडे असे वाचक असतील तर पॅडिंगची पेटी अजूनही सगळीकडे चालते. माझं मत असं की नव्या पानावर नवा गुणधर्म वापरावा, आणि जुन्या पानावर पॅडिंगची पेटी नीट चालत असेल तर तिला हात लावू नये. पेटीत नवा नियम अर्धवट मिसळला की पॅडिंग आणि प्रमाण दोन्ही उंचीवर हक्क सांगतात आणि भलतंच काहीतरी होतं.

प्रमाण बरोबर असूनही एक अडचण राहते, ती फोन आडवा धरल्यावर. समजा आडव्या फोनची स्क्रीन ८०० बाय ३६० आहे. कडेची जागा सोडून व्हिडिओ ७६८ रुंद झाला तर तो ४३२ उंच होणार, म्हणजे स्क्रीनपेक्षा उंच. खालचा भाग पाहायला पान सरकवावं, तर वरचा भाग जातो. इथे हात आपोआप `max-height` कडे जातो, पण त्यानं फक्त उंची कापली जाते, रुंदी तशीच राहते. स्क्रीनच्या ऐंशी टक्क्यांची, म्हणजे २८८ ची मर्यादा घातली तर ७६८ बाय २८८ ची चौकट मिळते आणि बाजूंना १२८-१२८ चे पट्टे परत येतात. मर्यादा उंचीला न घालता रुंदीला घालावी लागते, तीही उंचीच्या हिशेबानं:

```css
width: min(100%, calc(80vh * 16 / 9));
```

२८८ गुणिले सोळा भागिले नऊ म्हणजे ५१२. व्हिडिओ ५१२ बाय २८८ चा होतो, अख्खा स्क्रीनमध्ये मावतो आणि प्रमाणही टिकतं. उभ्या फोनवर ही मर्यादा मोठी येते, म्हणून तिथे शंभर टक्केच लागू होतात.

शेवटी, चौकट अचूक १६:९ असूनही पट्टे दिसले तर व्हिडिओकडे पाहावं. दूरदर्शनच्या जुन्या मुलाखती, व्हीएचएसवरून उतरवलेली नाटकं ४:३ मध्ये असतात. ७२० बाय ४०५ च्या चौकटीत त्यांचं चित्र ५४० रुंद बसतं आणि दोन्हीकडे नव्वद-नव्वद काळं राहतं. अशा व्हिडिओला `aspect-ratio: 4 / 3` द्यावं किंवा पॅडिंग `75%` करावं. मोबाइल उभा धरून काढलेल्या व्हिडिओला `9 / 16` लागेल, पण त्याची रुंदी आवरावी लागते, नाहीतर कॉम्प्युटरवर ७२० रुंदीला १२८० उंचीचा खांब उभा राहतो. तीनशे-साडेतीनशे पिक्सेलची मर्यादा त्याला पुरते. आणि काही जुन्या चित्रफिती अपलोड करतानाच काळ्या पट्ट्यांसकट १६:९ मध्ये बसवलेल्या असतात. ते पट्टे चित्राचाच भाग झालेले असतात, सीएसएसनं ते निघत नाहीत. मूळ फाइल पट्टे कापून पुन्हा चढवावी लागते.